सोलर मोबाईल चार्जर प्रोजेक्ट: १० वॅटच्या पॅनेलवर दोन फोन का होत नाहीयेत?

वायर_सुटली
नमस्कार मंडळी, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे डिपार्टमेंटबाहेरच्या बाकाशेजारी सोलर मोबाईल चार्जर, रोज दोन फोन चार्ज झाले पाहिजेत एवढंच टार्गेट.

सामान असं आहे. पॅनेल १० वॅट, मागच्या लेबलवर Vmp १८ व्होल्ट, Imp ०.५५ अँपिअर, Voc २२, Isc ०.६०. बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, सील्ड लेड अ‍ॅसिड. कंट्रोलर १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम, त्यालाच दोन यूएसबी पोर्ट आहेत.

हिशोब असा केला होता की ऊन ५ तास धरलं तर १० × ५ = ५० वॅटअवर. फोनची बॅटरी ५००० एमएएच, चार्जर ५ व्होल्टचा, म्हणजे एका फोनला २५ वॅटअवर. दोन फोन बरोब्बर बसतात, शिवाय बॅटरी ८४ वॅटअवरची असल्यामुळे वर शिल्लक.

प्रत्यक्षात भर दुपारी कडक उन्हात बॅटरीत ०.४२ अँपिअर जातायत, बॅटरीचं व्होल्टेज तेव्हा १२.८, म्हणजे जेमतेम ५.४ वॅट. सुरुवातीला एक फोन पूर्ण व्हायचा आणि दुसरा अर्ध्यावर असताना कंट्रोलर लोड कट करायचा. आता तर पहिलाच फोन धड होत नाही. गाईड सर म्हणतायत पॅनेल खराब आहे, बदला. खरंच पॅनेल खराब आहे का? डेमो जवळ आलाय.

नाना वायरमन
पॅनेल भंगार आहे रे बाबा. १० वॅटवर ५ वॅट म्हणजे अर्धे सेल मेलेत. आणि तो पीडब्ल्यूएम काढून फेक आधी, एमपीपीटी लाव, डायरेक्ट डबल मिळेल. इतकी वर्षं कामं करतोय, पीडब्ल्यूएम हा फक्त स्वस्तात उरकायचा प्रकार आहे.

टवाळखोर
दोन फोन होत नाहीत तर "एक फोन चार्जर" असं नाव द्या प्रोजेक्टला, टार्गेट आपोआप पूर्ण.

निनाद_क
चांगला धागा. माझ्याकडे गच्चीवर ३ किलोवॅटची सिस्टीम आहे, ऑनग्रिड. गेल्या उन्हाळ्यात जनरेशन कमी दाखवत होतं तर इन्व्हर्टरवाला म्हणाला स्ट्रिंगवर सावली येतेय. तुमच्याकडे पण इन्व्हर्टरचं अ‍ॅप बघा, त्यात स्ट्रिंगवाईज व्होल्टेज दिसतं.

टवाळखोर
निनादराव, त्याच्याकडे एकच पॅनेल आहे आणि ते वहीएवढं आहे. स्ट्रिंग म्हणजे ते बांधलेली सुतळी.

शुभदा
पॅनेलला हात लावू नका, ते बहुतेक ठणठणीत आहे. ०.४२ अँपिअर हा आकडा वाईट नाहीये, तुमची त्याच्याकडून अपेक्षा चुकीच्या जागेवरून आलीय.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला एक स्विच, बाकी काही नाही. बॅटरी भरत असताना तो स्विच चालू असतो, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडलेलं असतं आणि पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर येऊन काम करावं लागतं. लेबलवरचे १८ व्होल्ट तिथे मिळतच नाहीत, १३ च्या आसपासच राहतं. करंट मात्र तेवढाच येतो, कारण पॅनेल Vmp च्या खाली जवळपास स्थिर करंट देतं. म्हणजे पूर्ण उन्हातसुद्धा तुमच्या सेटअपला ०.५५ ते ०.६० अँपिअर × १३ व्होल्ट, ७ ते पावणेआठ वॅटच्या वर जायला जागाच नाही. १० वॅट हे पीडब्ल्यूएमवर कधीच दिसणार नाहीत, म्हणून वॅट विसरा आणि अँपिअर मोजा.

आता ०.६० ऐवजी ०.४२ का, तर लेबलवरचे आकडे १००० वॅट प्रति चौरस मीटर उन्हाचे असतात आणि तुमच्या पॅनेलवर तेवढं ऊन पडत नाहीये. हे तपासायला वेगळं मीटर लागत नाही. पॅनेल कंट्रोलरपासून सोडव, मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लाव आणि पॅनेलच्या दोन वायरी थेट मीटरमधून शॉर्ट कर. एवढ्या छोट्या पॅनेलला शॉर्टने काही होत नाही (बॅटरीवर मात्र हा प्रयोग चुकूनही नको, मीटरही जाईल आणि बोटंही भाजतील). जो करंट येईल तो उन्हाच्या प्रमाणात असतो. आधी पॅनेल आत्ता आहे तसं ठेवून बघ, मग उन्हाकडे तोंड करून तिरपं धरून बघ. दोन्ही आकडे इथे टाक, मग पॅनेल खराब आहे का ते ठरवू.

परीक्षक_काका
एक्स्टर्नल म्हणून बरीच वर्षं जातो. यात पहिला प्रश्न मी हा विचारेन की ५ तास ऊन कुठून आलं. सूर्य दिसतो ते तास वेगळे आणि पूर्ण १००० वॅटच्या उन्हाचे तास वेगळे. सकाळी आठचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन एकाच भावाने मोजता येत नाही. दिवसभरात जमिनीवर पडलेलं सगळं ऊन बेरीज करून "पूर्ण उन्हाचे किती तास झाले" असं काढायचं असतं. स्वच्छ दिवसाला ४ ते ५, ढगाळ दिवसाला २ किंवा त्याहूनही कमी धरावं. ज्या ठिकाणी चार्जर लागणार तिथला सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा घेऊन डिझाईन करायचं, वार्षिक सरासरीचा नाही. ग्रुपमधल्या चौघांपैकी एकाला तरी हे सांगता यायला हवं, बहुतेक वेळा चौघेही एकमेकांकडे बघतात.

नाना वायरमन
शुभदाताई, ते ठीक आहे पण एमपीपीटीने फरक पडतोच की, १८ व्होल्टला चालवणार म्हणजे १८ भागिले १२, सरळ दीडपट. आणि पोरा, बॅटरी चार्जिंगला असताना १२.६ च्या वर दाखवतेय ना, मग फुल्ल आहे ती. फोन का होत नाही म्हणजे यूएसबीचं सर्किट गंडलंय.

शुभदा
नाना, वरती डबल म्हणालात, आता दीडपटवर आलात, अजून थोडं खाली या 🙂

पॅनेल उन्हात तापतं. सेलचं तापमान ५५ डिग्रीला सहज जातं आणि लेबल २५ डिग्रीचं असतं. दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के या हिशोबाने Vmp १८ वरून १५.८ च्या आसपास येतो. बॅटरी चार्ज होताना १३ व्होल्ट, म्हणजे १५.८ भागिले १३, सव्वापटही नाही. त्यातून कन्व्हर्टर स्वतः ५ ते ७ टक्के खाणार. १२ व्होल्टच्या लेड अ‍ॅसिडवर गरम दिवसात एमपीपीटीचा खरा फायदा दहा-पंधरा टक्के निघतो. थंड हवेत जास्त मिळतो हे खरं. १० वॅटच्या पॅनेलवर त्या दहा-पंधरा टक्क्यांसाठी कंट्रोलर बदलण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा पॅनेल मोठं घ्यावं.

बॅटरीचं पण तसंच. चार्जिंग चालू असताना १२.८ दिसणं म्हणजे फुल्ल नाही, उलट ती बऱ्यापैकी रिकामी आहे. भरत आलेली असती तर १४ च्या वर गेली असती. पॅनेल आणि लोड दोन्ही काढून दोन-तीन तास तशीच ठेवायची आणि मग मोजायचं. १२.८ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी.

चष्मिष
एक राहिलंच, बाजारात "एमपीपीटी" छापलेले कितीतरी कंट्रोलर आतून पीडब्ल्यूएमच असतात. ओळखायला सोपं आहे. बॅटरी थोडी रिकामी असताना, कडक उन्हात, पॅनेलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं. बॅटरीएवढंच, १३ च्या आसपास दिसलं तर आत नुसता स्विच आहे, डब्यावर काही का लिहिलेलं असेना. खऱ्या एमपीपीटीत तिथे १५-१६ दिसतील आणि बॅटरीत जाणारा करंट पॅनेलमधून येणाऱ्या करंटपेक्षा जास्त असेल. शिवाय आत भलीमोठी कॉईल असल्यामुळे तो हाताला जड लागतो.

वायर_सुटली
शुभदाताई, आत्ताच मोजून आलो. पॅनेल आडवं, जसं आहे तसं: ०.४४. उन्हाकडे तिरपं धरून: ०.५४. मग ओल्या फडक्याने पुसलं: ०.५७. म्हणजे पॅनेल ठीक आहे?

बॅटरी रात्रभर सगळं काढून ठेवली होती, सकाळी १२.०.

शुभदा
०.६० च्या पॅनेलला ०.५७, अजून काय हवं? गाईड सरांना मल्टीमीटर हातात देऊन हेच करून दाखव. आडवं ठेवल्यामुळे आणि धुळीमुळे पाव भाग ऊन वाया जात होतं. स्टँडला तिरकं लावायची सोय करा, हा फायदा फुकटचा आहे.

आता मूळ हिशोब अँपिअर-अवरमध्ये मांडू.

आधी खर्च. फोनची ५००० एमएएच बॅटरी ५ व्होल्टची नसते, ती ३.८५ व्होल्टची, म्हणजे १९ वॅटअवर आणि थोडं वर. फोनच्या आतलं चार्जिंग सर्किट काही खातं, यूएसबी पोर्टवर साधारण २२ वॅटअवर द्यावे लागतात. १२ चे ५ व्होल्ट करणारं सर्किटही खातं, ते ८८ टक्के धरलं तर बॅटरीतून २५. तुझा २५ चा आकडा बरोबर आला, पण योगायोगाने 😄 १२.३ व्होल्टने भागलं की एक फोन म्हणजे २ अँपिअर-अवर.

आता जमा. पूर्ण उन्हाचे ४ तास धरले तर ०.५५ × ४ = २.२ अँपिअर-अवर. लेड अ‍ॅसिडमध्ये घातलेलं सगळं परत मिळत नाही, ८५ टक्के धर, १.८७ उरले. कंट्रोलर स्वतः रात्रंदिवस १० मिलिअँपिअरच्या आसपास पितो, त्याचे २४ तासांचे ०.२४ वजा. हातात १.६.

रोजची जमा १.६ आणि एका फोनचा खर्च २. म्हणजे तुझं पॅनेल तिरपं, स्वच्छ आणि आकाश निरभ्र असतानासुद्धा एक पूर्ण फोन होत नाही. सुरुवातीला दीड फोन झाला तो विकत आणलेल्या बॅटरीतल्या साठ्यावर. रोज उचल जास्त होती म्हणून साठा संपला आणि आता पहिलाच फोन धड होत नाही. सकाळचे १२.० हेच सांगतायत.

टवाळखोर
हे तर माझ्या पगाराचं वर्णन झालं.

परीक्षक_काका
उत्तम मांडलंत. फक्त विद्यार्थ्यांनी ८५ आणि ८८ टक्के हे आकडे आंधळेपणाने उचलू नयेत. दहावीस मिनिटांत मोजता येतात. १२ व्होल्टच्या बाजूला करंट आणि व्होल्टेज, यूएसबीच्या बाजूला तेच, गुणाकार करून भागा. रिपोर्टात स्वतः मोजलेली एफिशियन्सी दिसली की मी बाकीचे प्रश्न मऊ विचारतो.

गौरी_ट
मी पण अशाच प्रोजेक्टमध्ये अडकलेय, थोडं अवांतर होईल पण विचारते. आमचं पॅनेल २० वॅट, तीच ७ एएचची बॅटरी आणि असाच कंट्रोलर. आमच्याकडे उलटा त्रास आहे. बॅटरी चार्ज होतच राहते, कटच होत नाही, दुपारी १५.६ व्होल्ट दिसले आणि बॅटरीचा डबा बाजूने फुगलाय. कंट्रोलर बदलला तरी तेच. आम्ही करंट-व्होल्टेज लॉग करायला अर्डुइनो लावलाय, त्यावर दिसतंय सगळं.

नाना वायरमन
फुगलेली बॅटरी आधी बाहेर काढ पोरी, परत चार्जिंगला लावू नकोस. हे मात्र ऐक.

शुभदा
नानांना शंभर टक्के अनुमोदन, ती बॅटरी आता वापरायची नाही.

गौरी, अर्डुइनोला पॅनेलचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज दोन्ही मोजायला दिलंयस का? आणि दोन्हीचे मायनस अर्डुइनोच्या ग्राउंडला एकत्र जोडलेत?

गौरी_ट
हो, ग्राउंड कॉमनच असतं ना? दोन डिव्हायडर, दोघांचे मायनस GND ला.

शुभदा
तिथेच गोम आहे. या स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरांमध्ये बहुतेक वेळा प्लस कॉमन असतो आणि मॉसफेट मायनसच्या बाजूला बसवलेले असतात. म्हणजे पॅनेलचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्येच तो स्विच आहे. तू दोन्ही मायनस अर्डुइनोवर जोडलेस म्हणजे त्या स्विचला बाहेरून वायर मारून शॉर्ट केलंस. कंट्रोलर बिचारा आत स्विच बंद करतोय आणि करंट अर्डुइनोच्या ग्राउंडमधून जातोय. दहा कंट्रोलर बदललेस तरी तेच होणार.

तपासायचं असेल तर कंट्रोलर पूर्ण सुटा कर, मीटर बीपवर ठेव. पॅनेल, बॅटरी आणि लोड यांचे तिन्ही प्लस एकमेकांशी वाजतील, मायनस वाजणार नाहीत. वाजणारी बाजू कॉमन. लोडच्या मायनसचंही तेच, तो बॅटरीच्या मायनसला जोडला की कमी व्होल्टेजला लोड कट करणारा स्विचही बायपास होतो आणि मग बॅटरी तळाला जाते.

लॉगिंग करायचं तर अर्डुइनोचा ग्राउंड फक्त बॅटरीच्या मायनसला ठेव आणि पॅनेलचा करंट प्लसच्या वायरमध्ये मोज. हाय साईडला चालणारा सेन्सर वापर, म्हणजे ग्राउंड जोडायची भानगडच नाही.

गौरी_ट
अगं बाई! आम्ही प्रत्येक वेळी कंट्रोलरलाच शिव्या घालत होतो. मीटरने वाजवून बघितलं, तिन्ही प्लसच वाजतायत. थँक्यू ताई.

चष्मिष
हा किस्सा एका तरी ग्रुपचा दरवर्षी होत असणार. मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही.

वायर_सुटली
ओके मग आता उलटा हिशोब. दोन फोन पाहिजेत तर पॅनेल किती? मी केला: दोन फोनचे ४, कंट्रोलरचे ०.२४, मिळून ४.२४. भागिले ०.८५ म्हणजे ५. चार तासांत ५ यायचे तर सव्वा अँपिअर. १८ व्होल्टचं पॅनेल घेतलं तर २२.५ वॅट. बरोबर? म्हणजे २५ चं शोधू?

शुभदा
गणित बरोबर. पण तो निरभ्र दिवसाचा, पुसलेल्या पॅनेलचा आकडा आहे, त्यावर शिल्लक शून्य. पूर्ण दोन फोन हवेच असतील तर मी ३० घेईन.

मात्र एक विचार कर, बाकावर येणारा माणूस शून्यावरून शंभरवर फोन नेतो का? बहुतेक जण २०-२५ टक्क्यांवर येतात आणि तासाभरात उठतात. शिवाय शेवटचे वीस टक्के फोन अगदी हळूहळू घेतो आणि तेवढा वेळ पोर्ट अडकून राहतो. फोनमागे ६० टक्के भर घालायची असं टार्गेट ठेवलंस तर दोन फोनचे २.४, अधिक ०.२४, भागिले ०.८५, भागिले ४, पाऊण अँपिअरच्या जरा वर. २० वॅटचं पॅनेल १.१ देतं, म्हणजे थोडी धूळ, थोडे ढग पचतात. रिपोर्टात "दोन फोन" न लिहिता "रोज यूएसबीवर इतके वॅटअवर" असं लिही, म्हणजे कोणी मोठ्या बॅटरीचा फोन आणला तरी वाद नाही.

बॅटरी ७ एएचच चालेल, ती निम्म्याच्या खाली न्यायची नाही, म्हणजे वापरायला साडेतीन. रोज २.६४ लागतात. एक दिवस ऊन नसलं तर निभेल, दोन दिवस नाही.

परीक्षक_काका
इथे माझं मत वेगळं आहे. ऑटोनॉमी किमान दोन दिवसांची हवी, नाहीतर त्याला डिझाईन म्हणता येत नाही. २.६४ दुणे ५.२८, निम्माच वापर म्हणजे साडेदहा, मिळणारा साईझ १२ एएच.

शुभदा
काका, दिवाबत्तीची सिस्टीम असती तर मान्य. फोन चार्जरला दोन दिवसांचा साठा कशाला? प्रत्येक फोनमध्ये स्वतःची बॅटरी आहेच. पाऊस असेल त्या दिवशी बाकावर बसायला कोण येणार आहे? आणि मोठी बॅटरी छोट्या पॅनेलवर टाकली की ती एकदा रिकामी झाल्यावर पुन्हा वरपर्यंत भरतच नाही. आठवडेच्या आठवडे १४.४ ला न पोचलेली लेड अ‍ॅसिड सल्फेट होऊन बसते. बॅटरी वाढवायची तर पॅनेल त्यासोबत वाढलंच पाहिजे.

परीक्षक_काका
पॅनेल वाढवा असंच म्हणतोय मी. तुम्ही गिऱ्हाईक बघून डिझाईन करताय, मी सिस्टीम बघून. असो, विद्यार्थ्याने जे काही धरलं असेल त्याचं कारण सांगता आलं तर मी मार्क कापत नाही.

चष्मिष
मी म्हणतो लेड अ‍ॅसिड हवीच कशाला? फोन चार्जरच आहे, १८६५० चे तीन-चार सेल पॅरलल लावा, ३.७ वरून ५ करा. वजन कमी, घातलेलं जवळजवळ सगळं परत मिळतं. लहान पॅनेलवर लोक TP4056 लावतात, पण ६ व्होल्टच्या पॅनेलपुरतंच ठीक, कारण तो लिनिअर आहे आणि त्याचा इनपुट ८ व्होल्टच्या वर जाता कामा नये. १८ व्होल्टचं पॅनेल लावलं तर धूर. तुमच्या पॅनेलला CN3791 वाला बोर्ड घ्या, तो स्विचिंग आहे. १० वॅट × ४ तास ४० वॅटअवर, उष्णतेचे १२ टक्के गेले, चार्जरचे तेरा-चौदा टक्के गेले, तरी सेलमध्ये ३० जातात. बूस्टनंतर २६ यूएसबीला. म्हणजे त्याच पॅनेलवर सव्वा फोनाच्या आसपास, तिकडे पाऊणच होत होता.

शुभदा
सहमत, आज पहिल्यापासून करत असते तर मीही हेच केलं असतं. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतील. त्या चिपचं एमपीपीटी म्हणजे शोध घेणारं एमपीपीटी नव्हे, ती पॅनेल एका ठरलेल्या व्होल्टेजवर धरून ठेवते आणि ते व्होल्टेज बोर्डवरच्या दोन रेझिस्टरवर ठरतं. "१८ व्होल्ट" सेटिंगचा बोर्ड आणलात तर दुपारी पॅनेल तापून त्याचा Vmp १६ च्या खाली आलेला असतो आणि बोर्ड त्याला १८ च्या खाली येऊ देत नाही. करंट धपकन पडतो, नेमका भर दुपारी. सकाळी थंड असताना छान चालतं आणि बाराला कमी होतं असं दिसलं तर हेच कारण. चिपचा संदर्भ साधारण १.२ व्होल्टचा आहे:

```
Vin = 1.2 x (1 + R1/R2)
```

R1 पॅनेलच्या बाजूचा, R2 ग्राउंडच्या बाजूचा. रेझिस्टर बदलून १५.५-१६ ला आणायचं.

दुसरं, सेल पॅनेलच्या मागे चिकटवायचे नाहीत. लिथियम ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये आणि पॅनेलची मागची बाजू त्याच्या कितीतरी वर जाते. डबा खाली, सावलीत आणि हवा लागेल असा.

निनाद_क
एक भाबडा प्रश्न, बॅटरीच नको असं केलं तर? पॅनेल, त्यानंतर ५ व्होल्टचं सर्किट, आणि थेट फोन. दिवसाच वापरणार ना लोक?

चष्मिष
भाबडा नाहीये, चांगला प्रश्न आहे. अडचण अशी की फोन जोडला की तो जास्त करंट मागून बघतो, ढग आला की पॅनेलचं व्होल्टेज कोसळतं, चार्जिंग तुटतं. ढग गेल्यावर काही फोन परत पूर्ण करंट घेत नाहीत, थोड्याशाच करंटवर रेंगाळत बसतात, केबल काढून घातली की ठीक. मोठा पॅनेल असेल तर चालतं, १० वॅटवर नुसती चिडचिड.

वायर_सुटली
बाय द वे आमच्या एका पोर्टवर फोन फक्त "स्लो चार्जिंग" दाखवतो, दुसऱ्यावर नीट. दोन्हीला ५.१ व्होल्ट येतायत. केबल अदलाबदल करून पाहिली, पोर्टच स्लो आहे.

चष्मिष
त्या पोर्टच्या मधल्या दोन पिना, डेटाच्या, आपसात शॉर्ट आहेत का बघ. शॉर्ट असल्या की फोन समजतो हा चार्जर आहे, मग दीड अँपिअरपर्यंत घेतो. मोकळ्या असल्या तर त्याला कॉम्प्युटरचा पोर्ट वाटतो आणि तो ०.५ वर किंवा त्याच्याही खाली थांबतो. पोर्टच्या पाठीमागे एक सोल्डरचा ठिपका, एवढंच काम.

वायर_सुटली
मोकळ्याच होत्या! ठिपका दिला, आता १.३ घेतोय 😀

फायनल असं ठरवतोय: २० वॅट पॅनेल तिरप्या स्टँडवर, बॅटरी हीच ठेवतो पण आधी बेंच सप्लायवर १४.४ ला पूर्ण भरून घेतो. लिथियमवालं डेमोनंतर ग्रुपमधला एकजण करून बघणारे. ५ तासांच्या ऐवजी ४ धरून रिपोर्ट परत लिहितो. सरांना ०.५७ दाखवलं, ते "हम्म" म्हणाले.

कंट्रोलर १० अँपिअरचा ठेवू की बदलू? २० वॅटला Isc १.२ येतो.

शुभदा
१.२ ला सव्वापट केलं तरी दीडच होतो, १० चा कंट्रोलर गरजेपेक्षा खूप मोठा आहे पण त्याने बिघडत काही नाही. त्याचा स्टँडबाय करंट मात्र मोजून घे, मी १० मिलिअँपिअर अंदाजाने धरलेत. काही डबे नुसत्या डिस्प्लेसाठी त्याच्या दुप्पट पितात, मग तुझे ०.२४ चे ०.४८ होतील.

बेंच सप्लायवर भरताना करंट लिमिट ०.७ वर ठेव, आणि १४.४ आल्यावर लगेच काढू नकोस, करंट उतरून शंभरेक मिलिअँपिअरच्या खाली येईपर्यंत तसंच राहू दे. त्यानंतरही बॅटरी निम्मी क्षमताच देत असेल तर सल्फेट झालेली आहे, डेमोला दुसरी आण.

नाना वायरमन
आणि जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलटं. बॅटरी नसताना पॅनेल लावलंस तर पॅनेलचे बावीस व्होल्ट त्या डब्याच्या डोक्यावर बसतात, यूएसबी उडालेले पाहिलेत मी. यात कोणी मला सुधारू नका.

शुभदा
नाना, यात तुम्ही बरोबरच आहात, मी फक्त भर घालते. वायर_सुटली, तुझ्या यादीत फ्यूज दिसला नाही. ७ एएचची छोटीशी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यांनी अँपिअर सोडते आणि तुझ्या बारीक वायरी पेटतील. ३ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून बोटभर अंतरावर, कंट्रोलरच्या बाजूला नाही. फ्यूज आणि बॅटरी यांच्यातला वायरचा तुकडा असुरक्षितच राहतो, तो जितका छोटा तितकं बरं.

वायर_सुटली
फ्यूज आहे ताई, पण कंट्रोलरच्या शेजारी लावलाय. आज हलवतो.